दोन लाखांचं मंजुरीपत्र

मे महिन्यातली दुपार. जोहरची नमाज पढून मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात आपा आल्या. एवढ्या उन्हात त्या कधी बाहेर पडत नाहीत. पाणीसुद्धा न घेता त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"बाबू, कर्ज मंजूर झालंय, पण पैसे येत नाहीत. तू बँकेत होतास ना, बघ जरा. आणि मला अठरा हजार दे. उद्या दोन लाख आले की तुझे परत देते."

एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. कर्ज मंजूर झालेली माणसं मी हजारांनी पाहिली, पण मंजूर झालेलं कर्ज मिळावं म्हणून कर्ज काढायला निघालेलं माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती माझीच मोठी बहीण होती.

आपा घरी शिलाईकाम करतात. मिरजेतल्या दोन-तीन शाळांचे गणवेश दरवर्षी त्यांच्याकडे येतात. जून जवळ आला की कापड आगाऊ भरावं लागतं, आणि जुनं ओव्हरलॉक मशीन दर चार दिवसांनी बंद पडत होतं. त्यांना पैशाची खरीच गरज होती. पण दुल्हेभाईंचा व्याजाच्या कर्जाला सक्त विरोध. त्या घरात बँकेच्या कर्जाचा विषय निघत नाही. अशात आपांना मोबाईलवर एक जाहिरात दिसली: महिलांसाठी सरकारी मुद्रा योजना, बिनव्याजी, घरबसल्या. त्यांनी त्यात नाव, नंबर, काय काम करता, किती रक्कम हवी हे भरलं. आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोही पाठवला. दोन दिवसांनी एका माणसाचा फोन आला. हिंदी बोलणारा, फार अदबीचा. आपांचं नाव ऐकून तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, व्याजाची काळजी करू नका. आपल्या लोकांसाठी व्याज शून्य टक्के आहे, फक्त सेवाशुल्क."

हे वाक्य आपांनी मला दोनदा सांगितलं. त्यांच्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच सुटला होता. व्याज नाही म्हणजे गुनाह नाही, आणि गुनाह नाही म्हणजे पैसे हातात पडल्यावर घरी सांगता येईल.

मी मंजुरीपत्र उघडलं. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का, कोपऱ्यात अधिकाऱ्याचा फोटो असलेलं ओळखपत्र. रक्कम २,००,०००. मुदत ६० महिने. व्याज ० टक्के. मासिक हप्ता ३,३३४. आणि तळाला जाड अक्षरात: प्रक्रिया शुल्क २,००० अधिक १८ टक्के जीएसटी ३६०, एकूण २,३६० रुपये, रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी भरणे आवश्यक.

खरं सांगतो, आकडेमोड बिनचूक होती. प्रक्रिया शुल्क बँका घेतातच, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हेही खरं. नवख्या माणसाला हे पत्र खोटं वाटावं असं त्यात काही दिसत नाही, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी खऱ्याच आहेत. म्हणून मी शिक्का आणि सही बघत बसलो नाही. आजकाल शिक्के कोणीही छापतं. मी आपांना विचारलं, "मशीनचं कोटेशन कोणी मागितलं?"

"कसलं कोटेशन?"

"तुमचं काम बघायला कोणी घरी आलं? शाळांच्या ऑर्डरचे कागद, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, काही बघितलं?"

"नाही. तो म्हणाला, सगळं ऑनलाईन झालंय."

यातच सगळं आलं होतं. मंजुरी म्हणजे कोणीतरी बसून ठरवणं, की या माणसाला एवढे पैसे दिले तर ते परत येतील. आमच्या बँकेत मशीनसाठी अर्ज आला की आधी विक्रेत्याचं कोटेशन लागायचं, कारण मशीनच्या कर्जाचा पैसा बहुतेक वेळा थेट विक्रेत्याला दिला जातो. मग कर्जदाराचं जुन्या कर्जाचं रेकॉर्ड, खात्यातली उलाढाल, एक अधिकारी घरी जाऊन काम बघून यायचा. या सगळ्याला वेळ लागतो आणि त्यात निम्मे अर्ज अडकतात, लोक चिडतात. आता काही कर्जं मोबाईलवरून काही मिनिटांत मिळतात हे मला ठाऊक आहे, पण तिथेही निदान तुमच्या संमतीने खात्याचे व्यवहार आणि क्रेडिट रिपोर्ट तपासला जातो. आपांच्या बाबतीत कोणी काहीच तपासलं नव्हतं. ज्याला पैसे परत मिळण्याची काळजीच नाही, त्याला पैसे द्यायचेच नसतात.

आता त्या २,३६० रुपयांकडे येऊ. समजा, एखादी बँक खरोखर दोन लाख देते आहे आणि तिचं शुल्क २,३६० आहे. ती काय करेल? दोन लाखांतून २,३६० कापेल आणि १,९७,६४० रुपये खात्यात किंवा विक्रेत्याकडे पाठवेल. आमच्याकडे असंच व्हायचं, आणि आजही बहुतेक ठिकाणी असंच होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लहान उद्योगांच्या नव्या कर्जांना एक तक्ता द्यावा लागतो. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. व्याज, शुल्क, विमा, सगळे खर्च आणि ते धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, हे त्यात कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहिलेलं असतं. आपांकडे असा तक्ता नव्हता.

मी आपांना एवढंच विचारलं, "ज्याच्याकडे तुम्हाला द्यायला दोन लाख आहेत, त्याला तुमचे दोन हजार आधी कशाला हवेत? त्यातूनच कापून घे म्हणा."

"मी म्हणाले होते," आपा हळूच म्हणाल्या. "तो म्हणाला, सिस्टीममध्ये तशी सोय नाही."

सोय नाही, कारण कापायला रक्कमच नाही. मागितलेलं शुल्क हाच त्या माणसाचा पूर्ण धंदा. दोन लाख फक्त कागदावर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याचा वेगळाच गोंधळ होईल. काही खऱ्या बँका आणि वित्तसंस्था, विशेषतः घरकर्जाला, अर्ज दाखल करतानाच थोडं शुल्क घेतात. वकिलाचा शोध अहवाल, मालमत्तेचं मूल्यांकन यांचे पैसेही आधी द्यावे लागतात, आणि कर्ज नामंजूर झालं तर ते परत मिळतीलच असं नाही. पण ते शुल्क अर्जाचं असतं, तपासणीचं असतं. मंजूर झालेली रक्कम सोडवायचं नसतं. ते संस्थेच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जातं, चेकने किंवा तुमच्या खात्यातून वळतं होतं, आणि त्याची पावती मिळते. म्हणून आधी पैसे मागितले एवढ्यावरून मी कोणाला चोर म्हणत नाही. पैसे कोणाच्या नावावर मागितले, हे बघतो.

आपांच्या मोबाईलमधला व्यवहारांचा इतिहास मी उघडला तेव्हा ते दिसलंच. आता पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं, आपण बटण दाबण्याआधी. आपांनी तीनदा पैसे पाठवले होते. तिन्ही वेळा वेगळं नाव, आणि तिन्ही नावं साध्या माणसांची. एक बाई, दोन पुरुष. बँक नाही, कंपनी नाही, सरकारी खातं तर नाहीच. अशी खाती बहुतेक दुसऱ्याच कोणाची असतात. गरजू माणसाला थोडे पैसे देऊन त्याचं खातं, सिम आणि एटीएम कार्ड घेतलं जातं. पोलीस त्या नावापर्यंत पोहोचले तरी फोनवर बोलणारा तिथे नसतो.

"आपा, हे तीन लोक कोण?"

"त्याने सांगितलं, हे विभागाचे कॅशियर आहेत."

तीनदा हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटत होतं की २,३६० गेले असतील. पहिला हप्ता २,३६०. मग दोन दिवसांनी कर्जाच्या विम्याचे ६,८००. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या क्लिअरन्सचे आणि टीडीएसचे मिळून १२,४००. एकूण २१,५६० रुपये. यातले वीस हजार आपांच्या बिशीचे होते. अकरा महिने भरल्यावर त्यांचा नंबर लागला होता, आणि ते कापडासाठी ठेवलेले होते.

या नावांमध्येही काही तथ्य नव्हतं. टीडीएस उत्पन्नावर कापतात, कर्ज हे उत्पन्न नाही, त्यामुळे कर्ज घेताना कोणी टीडीएस भरत नाही. रिझर्व्ह बँक कोणा शिलाईवाल्या बाईच्या कर्जाला क्लिअरन्स देत बसत नाही, आणि सर्वसामान्य माणसाचं खातं तिच्याकडे नसतंच. मुद्रा योजनेचंही तसंच. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत मुद्रा ही संस्था थेट कोणाला कर्ज देत नाही. कर्ज बँका आणि वित्तसंस्था देतात, व्याजही त्याच लावतात, आणि मुद्राने कोणताही दलाल नेमलेला नाही. म्हणजे शून्य टक्क्यांचं मुद्रा मंजुरीपत्र मुळातच खोटं. अशी पत्रं फिरत असतात आणि केंद्र सरकारच्या पीआयबीने ती खोटी असल्याचं अनेकदा जाहीर केलं आहे.

पण आपांना हे सगळं कुठून माहीत असणार? आणि माहीत असतं तरी तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा उपयोग झाला असता का, याची मला शंका आहे. रकमा कशा चढत गेल्या ते बघा. पहिली एवढी लहान की विचार करायला लागू नये. दुसरी पहिल्यासाठी. तिसरी आधीच्या दोन्हींसाठी. चौथ्या मागणीचा संदेश मी वाचला: अठरा हजार परत मिळणारी अनामत, आज पाचपर्यंत, नाहीतर फाईल बंद होईल आणि आधी भरलेले २१,५६० परत मिळणार नाहीत. खाली आणखी एक ओळ होती, कर्ज तुमच्या नावावर नोंदलेलं असल्यामुळे पुढच्या महिन्यापासून हप्ते सुरू होतील आणि न भरल्यास कायदेशीर कारवाई होईल. आपा दुपारच्या उन्हात चालत आल्या होत्या त्या दोन लाखांसाठी नव्हे, या ओळीसाठी. जो पैसा खात्यात आलाच नाही त्याचा हप्ता कोणी मागू शकत नाही, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

मग रडू आलं. "तुझ्या दुल्हेभाईंना सांगू नकोस," म्हणाल्या.

मी म्हणालो, ते नंतर बघू, आधी फोन लावू. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. तिथे त्यांनी विचारलं ते हे: पैसे कोणत्या बँकेतून गेले, तारीख, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो, व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. तो हाताशी नसेल तर बोलणं लांबतं, म्हणून मी तिन्ही आधीच कागदावर उतरवून घेतले होते. तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे जाते. त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती रोखली जाते. पुढच्या खात्यात सरकली असेल तर तिथे पाठलाग होतो. हे सगळं वेळेवर अवलंबून असतं. पहिल्या दोन रकमा केव्हाच एटीएममधून निघून गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळच्या १२,४०० पैकी ७,१५० एका खात्यात अडकले. रात्री मी भाच्याला बसवून cybercrime.gov.in वर बाकीचे तपशील आणि स्क्रीनशॉट भरून घेतले. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. अडकलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला, आणि आपांना ते ७,१५० मिळायला दिवाळी उजाडली. बाकीचे गेले ते गेले.

पैशापेक्षा मला घोर होता आधार आणि पॅनच्या फोटोंचा. तेच कागद वापरून उद्या दुसरीकडे आपांच्या नावावर कोणी खरंच कर्ज उचललं तर? आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, ते खूप जणांना ठाऊक नसतं. आपांच्या नावावर काही नव्हतं. त्यांच्या नावावर आयुष्यात कधीच काही कर्ज नव्हतं. तरी तीन महिन्यांनी पुन्हा बघितला, वेगळ्या कंपनीकडून.

दुल्हेभाईंना त्याच रात्री सांगितलं. मीच सांगितलं, आपा आत भांडी घासत होत्या, नको तेवढ्या जोरात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो." आणि थोड्या वेळाने, "म्हणून विचारलं नाही." त्या माणसाला दुल्हेभाई ठाऊक नव्हते, पण अशा घरांत असं कोणीतरी असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 'कोणाला सांगू नका, योजनेची मुदत संपत आली आहे, गर्दी होईल' असं तो दर फोनला म्हणत होता. व्याजाचा प्रश्न आमच्या घरात मोठा आहे आणि तो राहील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण व्याजाला नाही म्हणणं आणि पैशाची अडचण घरात बोलूच न देणं, या दोन गोष्टी आम्ही एक करून टाकल्या होत्या. मीही त्यात आलो. आपांचं मशीन बंद पडतं हे मला रमजानपासून माहीत होतं.

कापडाचं असं झालं की शाळेने निम्मी रक्कम आगाऊ दिली. आपांनी कधी मागितलीच नव्हती, दुल्हेभाई जाऊन मागून आले. ओव्हरलॉक मशीन भाच्याने दुरुस्त करून आणलं, अजून कुरकुरत चालतं.

जुलैमध्ये आपांना परत एक फोन आला. मी तिथेच होतो. आवाज वेगळा, बोलणं तितकंच अदबीचं. तो सायबर विभागातून बोलतोय म्हणाला. तुमचे २१,५६० रुपये सापडले आहेत, आरोपी पकडला गेला आहे, रक्कम आजच खात्यात येईल, फक्त रिफंडची प्रक्रिया फी १,२०० रुपये आधी भरायची. नेमकी रक्कम त्याला माहीत होती, म्हणजे तीच टोळी, किंवा त्यांनी यादी पुढे विकलेली. एकदा पैसे दिलेल्या माणसाचा नंबर या धंद्यात महाग असतो.

आपांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यांनी सुईत दोरा ओवत, फोन खांद्याशी धरून सांगितलं, "त्यातून बाराशे कापून घ्या, आणि वीस हजार तीनशे साठ पाठवून द्या."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तशी सोय नाही."

"मग सोय झाली की सांगा," आपा म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी मशीनचं पायडल दाबलं.